डावीकडची रिकामी जागा

अंदाजपत्रकाच्या स्कॅन केलेल्या पानावर डावीकडे जी रिकामी जागा असते, ती माझ्या मते त्या पानावरची सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे, आणि आपल्याकडे आकडेवारीत रस असलेले बहुतेक लोक ती पहिल्या पाच मिनिटांत फेकून देतात. फेकताना वर असंही म्हणतात की "डेटा साफ केला." हे मला आता सहन होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. विषय रुक्ष आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी इथूनच परत फिरावं, राग नाही.

आधी चीज काय आहे ते सांगतो. नगरपालिकेचं अंदाजपत्रक कधी पाहिलं आहे का? डावीकडे अनुक्रमांक, मग बाबीचं नाव, मग आकड्यांचे चार खाने: मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बाबीच्या खान्यात "पाणीपुरवठा" हे अगदी कडेला लागून असतं. त्याखाली "आस्थापना" जरा आत. त्याखाली "वेतन व भत्ते" आणखी आत. कुठेही लिहिलेलं नसतं की वेतन हे आस्थापनेचं पोर आणि आस्थापना हे पाणीपुरवठ्याचं. ते नातं फक्त त्या रिकाम्या जागेनं सांगितलेलं असतं. घरातल्या माणसाला ते वाचावंही लागत नाही, नजरेला कळतं. संगणकाला मात्र सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि सांगायचं काम ज्यांचं, ते सांगत नाहीत.

एका तालुक्याच्या गावातल्या नागरिकांच्या गटाचं उदाहरण घेऊ. गावाचं नाव सांगत नाही आणि गाव ओळखू येऊ नये म्हणून आकडेही बदलून सुटसुटीत केले आहेत, पण त्यांचे एकमेकांशी असलेले संबंध तसेच ठेवले आहेत. या मंडळींनी पालिकेच्या अंदाजपत्रकाची स्कॅन प्रत मिळवली, दोन मुलांना बसवून एक्सेलमध्ये टाईप करून घेतली, नावांच्या मागचीपुढची जागा काढून टाकली, पाणीपुरवठ्याच्या पानांवरच्या आकड्यांची बेरीज मारली आणि पत्रक छापलं: पाणीपुरवठ्यावर १ कोटी ९४ लाखांची उधळपट्टी! खरी तरतूद होती ६२ लाखांची. पालिकेच्या सभेत ते पत्रक हातात धरून पदाधिकारी पोट धरून हसले, आणि विषय संपला.

आता ही गंमत नाही, कारण त्या पत्रकाच्या पोटात एक खरा प्रश्न होता. त्याच पानावर "जलशुद्धीकरण रसायने" अशी बाब होती, म्हणजे तुरटी, टीसीएल पावडर वगैरे. पुढच्या वर्षाचा अंदाज ६ लाख ४० हजार, चालू वर्षाचा मूळ अंदाज ६ लाख, आणि मागच्या वर्षी प्रत्यक्ष खर्च २ लाख १० हजार. पावसाळ्यात नळाला चहासारखं पाणी येणाऱ्या गावात हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता की नाही? कदाचित उत्तर साधं असेल, जुना साठा शिल्लक असेल. पण विचारणाऱ्यांची पतच उरली नव्हती.

१ कोटी ९४ लाख आले कुठून? पानावर हजारांत असे आकडे होते. आस्थापनेखाली वेतन २१००, आणि "एकूण आस्थापना" २१००. देखभालीखाली वीज बिल ३२००, त्याखाली "पैकी थकबाकी" ८००, मग रसायने ६४०, इतर २६०, आणि "एकूण देखभाल" ४१००. शेवटी "एकूण पाणीपुरवठा" ६२००. आता खाना वरपासून खालपर्यंत मिळवा. मूळ बाबी ६२००, उपगटांच्या बेरजा पुन्हा ६२००, विभागाची बेरीज तिसऱ्यांदा ६२००, आणि वर थकबाकीचे ८००, जे वीज बिलात आधीच धरलेले आहेत. झाले १९,४००. तीन पिढ्यांचं एकच उत्पन्न तीनदा मोजल्यासारखं. आजोबा, वडील आणि नातू एकाच घरात एकाच पगारावर राहतात, आणि जनगणनेवाला तीन पगार लिहून घेऊन जातो.

यावर त्या गटातल्या एकानं मला सांगितलं, "अहो, मग एकूणच्या ओळी गाळल्या की झालं!" नाही झालं. एकूणच्या ओळी गाळल्या तरी ७००० येतात, ६२०० नाही, कारण "पैकी" राहिलं. आणि "पैकी"ही गाळलं, तरी सगळ्या अंदाजपत्रकात "वेतन व भत्ते" आठ ठिकाणी आहे, "इतर" पंधरा ठिकाणी. ते नुसते एकाखाली एक ठेवले तर कोणतं "इतर" कुणाचं, हे देवालाच ठाऊक. बाबीचं नाव ही बाबीची ओळख नसतेच. ओळख म्हणजे पूर्ण पत्ता: पाणीपुरवठा, देखभाल, इतर. तो पत्ता वेगवेगळ्या खान्यांत लिहिणं, म्हणजे विभागाचा एक खाना, गटाचा एक, बाबीचा एक, एवढंच हे काम आहे. ऐकायला किती सोपं!

पहिला घोळ इथेच होतो की लोक स्कॅनवरून मजकूर ओळखून घेतात आणि साध्या मजकुराची फाईल उघडून बसतात. टेसरॅक्टसारखं साधन साधा मजकूर देताना ओळीच्या सुरुवातीची जागा बहुतेक वेळा टाकून देतं. मग लोक म्हणतात, "छे, यात इंडेंट आलेलंच नाही." आलेलं असतं, पण तुम्ही ते मागितलं नाहीत. हेच मागा:

```
tesseract page.png out -l mar --psm 6 tsv
```

यातून मिळणाऱ्या `out.tsv` मध्ये प्रत्येक शब्दासाठी `left`, `top`, `width`, `height` असे खाने असतात. `left` म्हणजे तो शब्द चित्राच्या डाव्या कडेपासून किती पिक्सेलवर सुरू होतो ते. एका ओळीतल्या पहिल्या शब्दाचा `left` हीच आपली रिकामी जागा, मोजून दिलेली. ३०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये एक मिलिमीटर म्हणजे साधारण १२ पिक्सेल. माझ्यासमोरच्या पानांत एक पायरी ४ मिलिमीटरची होती, म्हणजे ४७ पिक्सेलच्या आसपास. शब्दाच्या पहिल्या अक्षराच्या वळणानं पाचसात पिक्सेल इकडेतिकडे होतात, ते सोडून द्यायचे.

सारणीच्या उभ्या रेघा टेसरॅक्टला गोंधळात टाकतात, म्हणून पान आधी खान्याखान्यानं कापावं: अनुक्रमांक वेगळा, बाबीचा खाना वेगळा, आकडे वेगळे. नंतर `top` वरून ओळी परत जुळवता येतात. अनुक्रमांक वेगळा काढण्याचं आणखी एक कारण आहे. "१)" आणि "१०)" यांची रुंदी सारखी नसते. तो नावाला चिकटलेला राहिला, तर नववी आणि दहावी बाब वेगवेगळ्या पिढीतल्या वाटायला लागतात.

आता खरी मेख. समजा स्कॅन करणाऱ्यानं पान एक अंश तिरकं ठेवलं. (आपल्या कार्यालयांत एक अंश म्हणजे सरळच म्हणायचं!) ए-चार पान २९.७ सेंटिमीटर उंच असतं. एक अंशाच्या तिरकेपणानं पानाच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत डावी कड ५ मिलिमीटरहून थोडी जास्त सरकते. पायरी किती होती? ४ मिलिमीटर. म्हणजे पानाच्या तळाशी असलेला विभाग माथ्यावरच्या उपगटाइतका आत दिसणार, किंवा उलट. डोळ्याला हे जाणवतही नाही, कारण डोळा शेजारच्या ओळीशी तुलना करतो. म्हणून पान आधी सरळ करून घ्यावं, आणि त्याहून भरवशाचं म्हणजे चित्राच्या कडेपासून मोजूच नये. बाबीच्या खान्याची डावी उभी रेघ त्या ओळीच्या उंचीवर जिथे असेल, तिथून मोजावं. पान तिरकं असेल तर रेघही तितकीच तिरकी असते. बांधणीच्या घडीपाशी पान वाकलं असेल तर रेघही वाकते. ती बिचारी आपल्याबरोबर चुकते, म्हणून उपयोगी.

रेघेपासून मोजण्याचं दुसरं कारण पान बदलताना कळतं. बरेच हुशार लोक प्रत्येक पानावरचे `left` गोळा करतात, त्यांचे गट पाडतात आणि सगळ्यात डावीकडच्या गटाला पहिली पातळी म्हणतात. वा! आणि पानावर पहिली पातळी नसलीच तर? आपल्या पाणीपुरवठ्याचं पान वीज बिलापाशी संपलं होतं. पुढच्या पानावर फक्त रसायने, इतर आणि बेरजा. बेरजांच्या ओळी खान्याच्या मध्यभागी छापलेल्या. त्या पानावर सगळ्यात डावीकडे काय? "जलशुद्धीकरण रसायने". झाला नवा विभाग! पालिकेत आरोग्य, शिक्षण, पाणीपुरवठा आणि "इतर" असे विभाग दिसायला लागले की समजावं, कुणीतरी पानापानानं पातळ्या मोजल्या आहेत. रेघेपासूनचं अंतर धरलं तर रसायने ८ मिलिमीटरवर येतात, म्हणजे आदल्या पानावरच्या वीज बिलाच्याच रांगेत, आणि देखभालीखालीच राहतात.

एकदा प्रत्येक ओळीचं अंतर मिळालं की नातं लावण्याचा भाग अक्षरशः पाच ओळींचा आहे. पातळीचे क्रमांक ठरवायचीही गरज नाही. हातात एक चळत ठेवायची. नवी ओळ आली की चळतीच्या वरून तिच्याइतक्या किंवा तिच्याहून आत असलेल्या ओळी काढून टाकायच्या. उरतात ते तिचे पूर्वज.

```python
stack = []
for r in rows:
    while stack and stack[-1]["x"] >= r["x"] - tol:
        stack.pop()
    r["parents"] = [s["label"] for s in stack]
    stack.append(r)
```

`x` म्हणजे रेघेपासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये, आणि `tol` मी दीड ठेवतो, पायरीच्या निम्म्याहून कमी. पण यात शिरण्याआधी "एकूण"नं सुरू होणाऱ्या ओळी बाजूला काढून ठेवायच्या. त्यांची जागा काही सांगत नाही: कधी मध्यभागी, कधी उजवीकडे, टंकलेखकाच्या मर्जीनं. त्या फेकायच्या मात्र नाहीत. त्या आपल्या साक्षीदार आहेत.

शेवटी हाती पडतं ते असं:

```
विभाग,गट,बाब,पुढील_अंदाज,पान
पाणीपुरवठा,आस्थापना,वेतन व भत्ते,2100,31
पाणीपुरवठा,देखभाल,वीज बिल,3200,31
पाणीपुरवठा,देखभाल,जलशुद्धीकरण रसायने,640,32
पाणीपुरवठा,देखभाल,इतर,260,32
```

एखाद्या विभागात गट नसतील, बाबी थेट विभागाखाली असतील, तर गटाचा खाना रिकामा ठेवावा. काही जण तिथे विभागाचंच नाव पुन्हा भरतात, सारणी भरलेली दिसावी म्हणून. मूळ कागदावर जो गट नाही तो आपण का जन्माला घालायचा?

आता माझ्या विरोधकांचा मुद्दा. तो अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणतात, इंडेंट म्हणजे छपाईची हौस. टंकलेखकानं स्पेसबार दाबून केलेली सजावट. तिच्यावर नातेसंबंध कसे लावता? नातं कोडवरून लावा. बरोबर, कोड असेल तर कोडच खरा. राज्याच्या अर्थसंकल्पात प्रधानशीर्ष चार आकडी, उपप्रधानशीर्ष दोन आकडी, गौणशीर्ष तीन आकडी अशी उतरंड छापलेली असते. २२१० म्हणजे वैद्यकीय आणि सार्वजनिक आरोग्य, त्यात ०१ नागरी आरोग्य सेवा आणि ०३ ग्रामीण आरोग्य सेवा, आणि ११० रुग्णालये व दवाखाने हे दोन्हींखाली. (तिथेही नुसतं ११० धरून बेरीज करणारे महाभाग आहेतच.) नगरपालिकांसाठीही २००४ सालची राष्ट्रीय नगरपालिका लेखा नियमावली आहे, तिच्यात कर महसुलाला ११०, आस्थापना खर्चाला २१० अशी शीर्षं ठरवून दिलेली आहेत. पण लहान पालिकांची जी स्कॅन पानं आपल्या वाट्याला येतात, त्यांत कितीकदा कोडचा खाना कोराच असतो! आणि कोड नाही म्हणून नातं नाही, असं होत नाही. ज्या लेखापालानं ते पान केलं त्याच्या डोक्यात नातं होतं, आणि त्यानं ते ज्या एकमेव भाषेत लिहिलं ती म्हणजे ती जागा.

जागेवर आंधळा विश्वास ठेवा असं मी म्हणतच नाही. तिची उलटतपासणी करा. त्यासाठीच ते "एकूण" बाजूला ठेवलेत ना! देखभालीखाली लागलेल्या सगळ्या बाबींची बेरीज "एकूण देखभाल"शी जुळते का, एवढं पाहायचं. आणि पानावर आकड्यांचे चार खाने आहेत, म्हणजे ही परीक्षा चार वेळा देता येते. चुकीचं मूल चुकीच्या आईकडे गेलं आणि तरीही चारही वर्षांचे हिशेब जुळले, असं व्हायला फार मोठं नशीब लागतं.

आपल्या पानावर काय झालं पाहा. "पैकी थकबाकी" ही ओळ वीज बिलाच्या आत न छापता त्याच्याच रांगेत छापली होती. म्हणजे जागेनं इथे खोटं सांगितलं, विरोधक खूश! चळतीनं तिला वीज बिलाचं भावंड केलं. बेरीज आली ४९००, छापलेली ४१००. फरक ८००. आता ८, ८०, ८०० असा फरक दिसला की माझ्या मनात पहिली शंका येते ती "१"ची आणि "९"ची, कारण देवनागरी आकड्यांत खराब स्कॅनवर या दोघांत सर्रास गल्लत होते, आणि त्यांतला फरक आठ. पण बाकीच्या तीन खान्यांत पाहिलं तर फरक ६५०, ७०० आणि ७५०, आणि "पैकी थकबाकी"च्या ओळीत त्या त्या खान्यात छापलेले आकडेही ६५०, ७०० आणि ७५०. म्हणजे अक्षर वाचण्यातली चूक नव्हे, ती ओळच दुसऱ्या ओळीच्या पोटातली. एका खान्यावर विसंबलो असतो तर दोन्ही शक्यता सारख्याच वाटल्या असत्या.

"पैकी"बद्दल एका निवृत्त लेखापालांना विचारलं होतं. ते म्हणाले, "साहेब, पैकी म्हणजे खर्च नव्हे, खर्चावरची टीप. सभेत कुणी विचारलं तर हाताशी असावी म्हणून लिहितो." ही टीप वेगळ्या खान्यात ठेवावी, बेरजेत घेऊ नये आणि फेकूही नये. "पैकी"चे तुकडे मिळवून आईची रक्कम कधीच पूर्ण होत नाही, ती तशी व्हावी अशी अपेक्षाही नसते. म्हणून "आईची रक्कम म्हणजे मुलांची बेरीज" हा नियम तिथे लावायचा नाही. "वजा" लिहिलेल्या ओळींचं उलट आहे. "वजा - वसुली" ही बेरजेतलीच ओळ, फक्त चिन्ह बदलून घ्यायची. स्कॅनवर उणे चिन्ह नसतं, शब्द असतो, आणि तो शब्दही कधीकधी आदल्या ओळीच्या शेवटी लोंबकळत असतो.

लोंबकळण्यावरून आठवलं. बेरजेची परीक्षा सगळं पकडते असा समज करून घेऊ नका. आरोग्य विभागाच्या पानावर "कचरा डेपो देखभाल व" अशी एक ओळ आणि तिच्याखाली थोडी आत "जेसीबी भाडे", रक्कम ९४०. ही एकच बाब, खान्यात मावली नाही म्हणून दोन ओळींत मोडलेली. चळतीला मात्र दिसतं की रक्कम नसलेलं एक शीर्षक आहे आणि त्याखाली एक मूल. ती खुशाल "कचरा डेपो देखभाल व" नावाचा गट काढते. घंटागाडी १८५०, हे ९४०, इतर १५०, एकूण स्वच्छता २९४०. बेरीज चोख! चारही खान्यांत चोख! चूक तरीही तशीच. हे पकडायचं तर वेगळ्या खुणा लागतात. रक्कम नाही, अनुक्रमांक नाही, स्वतःची "एकूण" ओळ नाही, मूल एकुलतं एक, आणि ओळ खान्याच्या उजव्या रेघेपर्यंत भिडलेली. शेवटी "व" किंवा "साठी" असेल तर मग विचारायलाच नको. अशा ओळींची यादी काढून ती डोळ्यांनी, मूळ पान शेजारी ठेवून तपासण्याला पर्याय नाही. शंभर पानांच्या अंदाजपत्रकात अशा ओळी निघाल्या तर किती निघतील, एक दुपार जाते. ती दुपार द्यायची तयारी नसेल तर पत्रक छापू नये.

आणि छापील बेरीजच चुकीची असेल तर? असते कधीकधी. चारांपैकी एकाच खान्यात जमत नाही, वाचण्यात चूक नाही, आणि फरक कुठल्याच ओळीशी जुळत नाही, तर बहुधा पालिकेचंच चुकलं आहे. तिथे "दुरुस्ती" करण्याचा मोह आवरावा. छापलेला आकडा एका खान्यात, आपण काढलेला दुसऱ्या खान्यात, आणि पान क्रमांक शेजारी. वाचणाऱ्याला पान उघडून खात्री करता आली पाहिजे.

राहिले दुसऱ्या बाजूचे लोक, म्हणजे स्कॅन करून देणारे. माझा खरा राग त्यांच्यावर आहे. हे पान जन्माला येतं एक्सेलमध्ये. तिथे लेखापाल इंडेंटचं बटण दाबतो, तेव्हा ती पायरी त्या पेटीच्या रूपात आकड्यानं साठवलेली असते, एक, दोन, तीन. पायथनमध्ये ओपनपायएक्सेल वापरून ती एका शब्दात वाचता येते:

```python
ws["B14"].alignment.indent
```

ना टेसरॅक्ट, ना रेघ, ना एक अंशाचं गणित. ही नेमकी, मोजून ठेवलेली माहिती कागदावर छापायची, कागदावर शिक्का मारायचा, शिक्का मारलेला कागद तिरका स्कॅन करायचा आणि संकेतस्थळावर चढवून "पारदर्शक कारभार" म्हणायचं! (त्या एक्सेलची सीएसव्ही करून दिली तरी इंडेंट जातो बरं का, कारण तो पेटीच्या रूपाचा भाग आहे, मजकुराचा नाही. आणि `TRIM` मारणाऱ्यांनी स्पेसबारनं केलेला इंडेंटही संपवलेला असतो. तेव्हा फाईल मूळच हवी, एक्सेलच हवी.)

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख)(अकरा) प्रमाणे प्रत्येक यंत्रणेला दिलेला अर्थसंकल्प, प्रस्तावित खर्चासह, कुणी न मागता प्रसिद्ध करायचा असतो. आणि कलम २(ञ) मधल्या माहितीच्या अधिकाराच्या व्याख्येत, माहिती संगणकात साठवलेली असेल तर ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळवण्याचा हक्कही आहे. तेव्हा अर्जात नुसती "अंदाजपत्रकाची प्रत" मागू नका. "अंदाजपत्रक ज्या संगणकीय फाईलमध्ये तयार केले ती मूळ फाईल, सूत्रे व मांडणीसह, सीडीवर" असं लिहा. त्या गटानं पुढच्या वेळी हे शब्द लिहिले. उत्तरात सीडी आली, सीडीत पीडीएफ, पीडीएफमध्ये स्कॅन, आणि स्कॅन या वेळी उजवीकडे झुकलेला. पहिलं अपील केलं आहे. दरम्यान रसायनांची ओळ त्यांनी पान क्रमांकासकट, चारही खान्यांच्या आकड्यांसह एका साध्या पत्रात लिहून मुख्याधिकाऱ्यांकडे दिली आहे, पत्रक वगैरे न छापता. या वेळी अजून कुणी हसलेलं नाही.